आजीच्या लुगड्याचा रंग

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग कुठेतरी दडलेला असतो आणि संगणकावर तो नुसता बाहेर काढायचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते. कॅमेऱ्याच्या त्या फिल्मने फक्त उजेड किती आणि अंधार किती एवढेच टिपलेले असते. डाळिंबी काय, हिरवे काय, दोन्ही तिथे सारखेच राखाडी. रंग असतो तो माणसांच्या आठवणीत, जुन्या पेटीत आणि गोधडीत. तिथून तो कसा शोधून आणावा लागतो, हे आम्ही गेल्या वर्षी म्हणजे २०२५ साली जवळून पाहिले, तेही आमच्याच विहाराच्या कचेरीत बसून. पाहिले कोणामुळे, तर एका एकोणीस वर्षांच्या मुलीमुळे. तिचे खरे नाव छापायचे नाही अशी तिची अट आहे. घरात तिला छकुली म्हणतात, आम्हीही तेच वापरतो.

छकुलीचे वडील आम्हाला थोरल्या भावासारखे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांचे बालपण मुंबईत नायगावच्या बी. डी. डी. चाळीत गेले, वडील गिरणीत होते. आता सगळे कुटुंब कल्याण पूर्वेला, आमच्या शेजारच्याच इमारतीत. आमच्या विहारात दोन वर्षांपूर्वी जुन्या फोटोंचा संग्रह करायचे ठरले, तेव्हा घरोघरचे अल्बम मागवून ते स्कॅन करण्याचे काम आमच्याकडे आले. कारकुनाला कागद सांभाळता येतात असा लोकांचा विश्वास असतो. त्या वेळी दादांनी काळ्या पानांचा, दोरीने बांधलेला एक अल्बम आणून दिला होता. एकूण चौसष्ट फोटो. काही कागदी कोपऱ्यांत अडकवलेले होते, ते अलगद निघाले. काही मात्र कोणीतरी गव्हाच्या खळीने चिकटवून टाकलेले. ते ओढून काढायला गेले की फोटोचा वरचा थर फाटतो, म्हणून आम्ही ते पानासकटच काचेवर ठेवले. सगळे फोटो ६०० डीपीआयला घेतले. तीन इंच बाय चार इंचांचा छोटा फोटो त्यामुळे संगणकावर पानभर मोठा करून पाहता येतो, आणि मोठा केल्यावर जे दिसते ते अल्बममध्ये पन्नास वर्षे कोणी पाहिलेले नसते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी छकुली कचेरीत आली. "काका, जयभीम. पप्पांच्या अल्बमचे स्कॅन तुमच्याकडे आहेत ना? मला हवेत. पण पप्पांना सांगायचे नाही." दादांना दोन महिन्यांनी साठ पूर्ण होणार होती. त्या दिवशी त्यांच्या हातात सगळा अल्बम रंगीत करून द्यायचा, असा तिचा बेत. आम्ही म्हटले, चौसष्ट फोटो दोन महिन्यांत होणार नाहीत. ती म्हणाली, "सगळे नाही झाले तरी चालतील. आजीचे झाले पाहिजेत."

हे आजीचे प्रकरण आम्हाला अर्धेच ठाऊक होते. दादांची आई १९७७ साली गेली. दादा तेव्हा बारा वर्षांचे. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, रमाईंचा आहे, दादांच्या वडिलांचाही आहे. कालकथित आईचा मात्र भिंतीवर नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कपाटातून एक मोठा फोटो निघतो, पुष्पे वाहिली जातात आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कपाटात जातो. कारण विचारले तर दादा म्हणत, "ती आई वाटत नाही." तो फोटो १९७० साली एका स्टुडिओत काढलेला. छकुलीला आजी ठाऊक होती ती तेवढ्यापुरती.

काम सुरू झाले ते विहारातल्या संगणकावर, रोज संध्याकाळी सात ते नऊ. घरी सांगायचे, अभ्यासिकेत जाते. तिची आई कटात सामील होती. गिंप नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम तिने घेतला. पहिल्या दिवशी गंमत झाली. कोणताही रंग घेऊन ब्रश फिरवला की उमटे राखाडीच. तासभर ती ब्रश बदलत बसली. स्कॅन करतानाच फाईल Grayscale प्रकारची झाली होती, तिच्यात रंगाला जागाच नव्हती. Image > Mode > RGB एवढे केल्यावर लाल रंग लाल दिसू लागला. पुढची पायरी अशी की मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर पारदर्शक काच ठेवावी तसा एक रिकामा थर घ्यायचा आणि त्या थराची पद्धत LCh Color अशी ठेवायची. मग रंग भरला तरी खालचा उजेड-अंधार जसाच्या तसा राहतो, लुगड्याच्या चुण्या बुजत नाहीत. लुगड्याला एक थर, भिंतीला दुसरा, चेहऱ्याला तिसरा. चुकले तर तेवढाच थर पुसायचा.

हात लवकर बसला. आठवड्याभरात ती कडेच्या बाहेर न जाता रंग भरू लागली. अडले ते कोणता रंग भरायचा यावर.

पहिला मोठा फोटो १९७४ सालच्या बुद्ध जयंतीचा. चाळीच्या मधल्या पटांगणात पन्नास-साठ माणसे, मध्ये टेबलावर बाबासाहेबांची तसबीर, बाजूला काठीला पंचशील ध्वज, आणि ध्वजाच्या अगदी शेजारी आजी. नऊवारी लुगडे, डोक्यावर पदर, कडेवर दुसऱ्या कोणाचे तरी मूल. पुढे मातीत बसलेल्या पोरांत आठ वर्षांचे दादा. या लुगड्याचा रंग कोणता? दादांना विचारता येत नव्हते. छकुलीने एकदा जेवताना सहज विचारल्यासारखे करून चाळीच्या भिंतींचा रंग कसा होता हे काढून पाहिले. दादांनी नळावरची रांग, गच्चीवरचे क्रिकेट आणि एका पठाणाचे कर्ज यावर तासभर सांगितले. रंग काही सांगितला नाही.

मग ती विक्रोळीला कन्नमवार नगरात आत्याकडे गेली. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, धम्मदीक्षेच्या साली जन्मलेली. आत्या म्हणाली, "डाळिंबी. आईला जयंतीला नेसायला एकच चांगलं लुगडं होतं, रुईफुलाच्या काठाचं." तिथेच दादांची चुलत बहीण बसली होती, ती म्हणाली, "नाही गं, हिरवं होतं. मी त्याच्या पदरात झोपलेय." दोघी खात्रीने बोलत होत्या. पोरगी हिरमुसून परत आली.

त्या संध्याकाळी आमच्या लक्षात एक गोष्ट आली, ती वाचकांच्याही उपयोगी पडेल. त्या फोटोत आजीशेजारी पंचशील ध्वज होता. त्याचे पट्टे आपल्याला पाठ आहेत. काठीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि शेवटच्या पट्ट्यात तेच पाच रंग एकाखाली एक. म्हणजे रंग आधीच ठाऊक असलेली एक पट्टी त्याच उन्हात, त्याच फिल्मवर उतरलेली होती. त्या फिल्मने कोणता रंग किती गडद टिपला हे ध्वजावर बोट ठेवून सांगता येत होते. छकुलीने रंग मोजण्याचे साधन घेऊन एकेक पट्टा मोजला. काळ्याला शून्य आणि शुभ्र पांढऱ्याला २५५ असे ते माप. पांढरा पट्टा २३४, पिवळा २०३, केशरी १४८, निळा १२१, लाल ९०. निळा आपल्या डोळ्यांना गडद वाटतो, पण त्या काळच्या फिल्मला निळा उजेड जास्त जाणवे, म्हणून तो लालपेक्षा उजळ आला होता. मग लुगडे मोजले. उन्हातला भाग ९२.

म्हणजे लुगडे पिवळे नव्हते, केशरी नव्हते, ध्वजासारखे निळेही नव्हते. लालसर असणे शक्य होते. आत्या जिंकली असे छकुलीला वाटले. पण गडद हिरवाही त्या फिल्मवर याच मापाला येतो. लाल आणि हिरवा यांचा गोंधळ हा काळ्या-पांढऱ्या फोटोचा जन्माचा दोष आहे. माप एवढेच सांगते की अमुक रंग नाही. अमुकच आहे हे ते सांगत नाही. शिवाय तुलना करायची ती एकाच फोटोत, एकाच उन्हात आणि उन्हाकडे तोंड करून असलेल्या कापडांची. ध्वजाच्या मागून ऊन आले असते तर ही सगळी मापे फुकट गेली असती.

निकाल लागला तो गोधडीवर. आत्याकडे आजीच्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ आहे. आत्याची मुले तिच्यात वाढली, आता ती माळ्यावर. छकुलीने ती खाली काढायला लावली. धुऊन धुऊन सगळे तुकडे मातकट झालेले. पण एका कडेला रुईफुलाचा काठ ओळखू आला. फोटो मोठा करून काठाची फुले मोजली तर नक्षी तीच. काठाशेजारचा तुकडा मात्र असा विटलेला की तपकिरी म्हणावा की काय म्हणावा. तेव्हा आत्यानेच सुईच्या टोकाने शिवणीचे चार टाके उसवले. दुमडून आत गेलेल्या कापडाला पन्नास वर्षांत ऊन लागले नव्हते. बोटाएवढी ती पट्टी डाळिंबी निघाली, कालच आणल्यासारखी. चुलत आत्या फोनवरून ऐकून म्हणाली, "मग हिरवं दुसरं असेल." असेलही. छकुलीने त्या पट्टीशेजारी पांढरा कागद ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो घेतला, ऊन टाळून, आणि तोच रंग लुगड्याला दिला. पांढरा कागद अशासाठी की मोबाईलचा कॅमेरा कधी पिवळा, कधी निळा झुकतो. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो दुरुस्त केला की कापडाचा रंग खरा येतो. टाके आत्याने पुन्हा घातले.

त्याच फोटोतल्या तसबिरीवरून आमचा आणि तिचा थोडा वाद झाला. तिने बाबासाहेबांचा कोट निळा केला होता. निळा कोट आपल्या मनात इतका पक्का आहे की दुसरा रंग सुचतच नाही. गावोगावचे पुतळे तसेच रंगवलेले. पण त्या तसबिरीत काय होते? आत्याला विचारले तर ती म्हणाली, तो फोटो चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला घेतलेला, काळा-पांढराच होता, चाळीच्या मंडळाने चौकट करून घेतलेली. म्हणजे त्या दिवशी पटांगणात उभे राहून पाहणाऱ्यालाही ती तसबीर काळी-पांढरीच दिसली असती. छकुलीने निळा थर पुसला. तसबिरीतले बाबासाहेब राखाडी राहिले, चौकटीच्या लाकडाला रंग आला, हाराला झेंडूचा केशरी आला. भोवती सगळे रंगीत आणि मध्ये तेवढीच तसबीर काळी-पांढरी. आम्हाला विचाराल तर त्या फोटोत तीच सर्वात खरी दिसते.

अल्बममध्ये रंगीत फोटो एकच होता, आत्याच्या मंगल परिणयाचा, १९७९ सालचा. तो सगळा तांबडा होऊन गेला होता. छकुली लहानपणापासून समजत होती की आत्याची साडी गुलाबी होती. आत्या हसली. "अगं, पांढरी. आमच्यात तेव्हा दुसरी कोण नेसत होतं?" नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पांढऱ्या वस्त्रांत दीक्षा घेतली, लोकही पांढरी वस्त्रे नेसून आले, तेव्हापासूनची ती रीत. फोटो तांबडा होण्याचे कारण साधे आहे. त्या काळच्या रंगीत कागदात तीन रंगांचे थर असत, निळसर, किरमिजी आणि पिवळा. त्यातला निळसर थर अल्बमच्या अंधारातसुद्धा आधी विरतो, आणि उरतो तो तांबूसपणा. हा फोटो नव्याने रंगवायचा नव्हता, गेलेला तोल परत आणायचा होता. Colors > Levels मध्ये लाल, हिरवा, निळा अशी तीन वेगवेगळी मापे मिळतात. फोटोतली कोणती जागा खरी पांढरी आणि कोणती खरी काळी हे ठाऊक असेल तर तिन्ही मापे त्या दोन टोकांना ताणून बसवता येतात. पांढरी जागा म्हणजे आत्याची साडी, काळी म्हणजे नवऱ्याचे केस. केसांचे लाल माप ११० च्या आसपास होते, ते शून्याजवळ यायला हवे होते. ओढून आणल्याबरोबर मागची भिंत हिरवट झाली, निळे पताके दिसू लागले आणि साडी पांढरी झाली. जिथे निळसर थर पार गेला होता, म्हणजे नवऱ्याच्या कोटाच्या बाहीवर, तिथे काहीच परत आले नाही. तो डाग तसाच ठेवला.

आता स्टुडिओतला फोटो. तो छकुलीने शेवटी घेतला, आणि त्यालाच सर्वाधिक दिवस लागले.

कातडीला रंग कुठला द्यायचा यासाठी तिने आधी इंटरनेटवरून तयार पट्ट्या उतरवल्या होत्या. त्यांची नावेच 'कातडीचा रंग' अशी, आणि सगळ्या गुलाबीसर, पीच फळासारख्या. त्या आजीच्या चेहऱ्यावर घातल्या तर चेहरा खडूची पूड फासल्यासारखा झाला. मूळ फोटोतली गडद छाया तशीच आणि तिच्यावर गोऱ्या माणसाची लाली. रंग आजीच्या वंशातून घ्यायचा हे मग तिच्याच ध्यानात आले. रविवारी दुपारी दादा झोपलेले असताना तिने खिडकीजवळ त्यांच्या हाताशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो घेतले. कोपरापासून मनगटापर्यंत, तळव्याची कड, कान, बोटांचे सांधे. दादा एकदा कूस बदलून "डास आहे का गं?" म्हणाले तेवढेच. त्या फोटोंवरून तिने एक रंग न घेता सहा घेतले. कारण कोणाचीही कातडी एका रंगाची नसते. कपाळ पिवळसर, नाकाचा शेंडा, कान आणि बोटांचे सांधे लालसर, डोळ्यांखाली किंचित जांभळट. एकच रंग सगळ्या चेहऱ्यावर फिरवला की माणूस प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा दिसतो.

बुद्ध जयंतीच्या फोटोतल्या आजीला हे रंग लगेच बसले. स्टुडिओतल्या आजीला बसेनात. चेहरा फिका तपकिरी, आणि मांडीवर ठेवलेले हात गडद. दोन माणसांचे अवयव जोडावेत तसे. स्टुडिओत दिवे चेहऱ्यावर रोखलेले असतात, तेव्हा चेहरा हातांपेक्षा उजळ येणारच, असे आम्ही म्हटले. छकुलीने कान दाखवला. गालाला लागलेलाच दिवा शेजारच्या कानालाही लागतो. पण गाल १५२ आणि कान १०४. मान ९८. मग आम्ही तो मोठा फोटो कपाटातून गुपचूप आणवून १२०० डीपीआयला पुन्हा स्कॅन केला. पडद्यावर गाल हातभर मोठा झाला तेव्हा त्याच्यावर बारीक, एकमेकींना छेद देणाऱ्या रेघा दिसल्या. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला, हनुवटीवर.

या रेघा पेन्सिलच्या. जुन्या स्टुडिओत एक रिटचर असे. तो काचेवर निगेटिव्ह धरून टोकदार पेन्सिलीने तिच्यावर बारीक रेघा ओढी. निगेटिव्हवर जिथे काळे होई तिथे कागदावर पांढरे उमटे. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची छाया असे सगळे झाकले जाई आणि चेहरा उजळे. गिऱ्हाईक खूश होई. ही त्या धंद्याची सर्रास रीत होती, एका स्टुडिओवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. पण आमच्या मनात आले ते सांगतोच. चाळीतली एक बाई एकुलते एक चांगले लुगडे नेसून, पैसे मोजून फोटो काढायला गेली, आणि तिला न विचारता कोणीतरी ठरवले की आहे तो चेहरा चालणार नाही. मुलाला पुढे आई आठवेनाशी झाली तेव्हा हाताशी उरला तो रिटचरचा चेहरा.

रेघा पुसाव्यात की नाहीत यावर आमचे मत असे होते की फोटो हा दस्तऐवज आहे, जसा आहे तसा ठेवावा. छकुली म्हणाली, "काका, मूळ फोटो आहेच की. त्याला मी कुठे हात लावते?" तिने एक नवा थर घेतला, त्याने फक्त गाल, कपाळ आणि हनुवटी हळूहळू गडद केली. कुठपर्यंत, तर कानाच्या आणि मानेच्या मापाला येईपर्यंत. हातापर्यंत नाही, कारण हात खरोखरच सावलीत होते. डोळ्यांखालची छाया कशी होती हे या फोटोतून कळण्याची सोय नव्हती, ती तिने बुद्ध जयंतीच्या फोटोवरून घेतली. उजव्या भुवईवर एक बारीक व्रण त्या पटांगणातल्या फोटोत दिसत होता, स्टुडिओत नाहीसा झालेला. आत्याला विचारले. "जात्याचा खुंटा लागला होता लहानपणी," आत्या म्हणाली, "तुला कसं कळलं?" तो व्रणही परत आला. या एका चेहऱ्याला अकरा संध्याकाळी लागल्या.

छपाईत घोळ होता होता वाचला. फोटोच्या दुकानातून पहिली नमुना प्रत आली ती पाहून छकुली रडायच्या बेतात आली. आजी पुन्हा उजळली होती. दुकानातले यंत्र गडद चेहरा दिसला की आपणहून उजळ करते, तशीच त्याची मांडणी केलेली असते. "करेक्शन पूर्ण बंद ठेवा" असे सांगून प्रती पुन्हा काढल्या, त्या बरोबर आल्या. वाचकांपैकी कोणी जुने फोटो छापायला देणार असतील तर हे आधीच सांगावे.

एकूण तेरा फोटो झाले. नवा अल्बम केला, डाव्या पानावर जुन्या फोटोची प्रत आणि उजव्या पानावर रंगीत. प्रत्येक रंगीत फोटोच्या मागे छकुलीने मऊ पेन्सिलीने लिहिले. "लुगडे – गोधडीवरून. ध्वज – ठाऊक. भिंत – आत्याच्या आठवणीवरून. दादांचा सदरा – अंदाज." जिथे काहीच धागा सापडला नव्हता तिथे तिने सरळ 'अंदाज' असे लिहिले होते. हे आम्हाला फार आवडले. हिशेबाच्या वहीत आम्ही असेच करतो.

वाढदिवसाला मोठा थाट नव्हता. संध्याकाळी घरी बुद्धवंदना झाली, आत्या आली होती, खीर होती. अल्बम हातात दिला तेव्हा दादांना आधी वाटले की कोणी भेट म्हणून कोरा अल्बम आणला. मग त्यांनी पान उलटले. बुद्ध जयंतीच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले. छकुली आईच्या मागे उभी. दादा काहीच बोलेनात तेव्हा आत्याच म्हणाली, "अरे, लुगडं बघ ना." दादा म्हणाले, "लुगडं बघतोय." पुढे स्टुडिओतला फोटो आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवले. "हे मी विसरलो होतो," एवढेच म्हणाले.

थोड्या वेळाने ते नेहमीसारखे झाले. सगळे फोटो मागून उलटून वाचू लागले आणि गॅलरीतल्या फोटोवर अडले. "भिंत निळी नव्हती. वर चुना होता, खाली कमरेएवढा गेरू. ताई, तू लग्न होऊन गेल्यावर निळी केली." आत्या म्हणाली, आधीपासून निळीच होती. त्यावर दोघांचे चांगलेच जुंपले. "आणि हा सदरा अंदाज काय? खाकी आहे. शाळेचा एकच होता, तोच घालून जयंतीला गेलो." छकुलीने पेन्सिल आणून दिली, दादांनी 'अंदाज' खोडून 'खाकी' लिहिले आणि खाली सही केली.

आता स्टुडिओतला फोटो त्यांच्या भिंतीवर आहे, रमाईंच्या शेजारी. उरलेले एक्कावन्न फोटो बाकी आहेत, आणि आता लपवाछपवी नसल्याने दर रविवारी दुपारी दादा स्वतः विहाराच्या कचेरीत खुर्ची ओढून छकुलीशेजारी बसतात. गेल्या रविवारी एका छत्रीवर दोन तास गेले. पोरगी काळी म्हणत होती, दादा म्हणत होते की ती चॉकलेटी होती आणि शेजाऱ्यांची होती.